आवाजाची दुसरी वाट

मुलांनो, घरी बसून ज्या वर्गात आपण शिकतो, त्या वर्गातील गुरुजींचे चित्र आणि आवाज ही दोन्ही एकाच इंटरनेटवरून येतात. रस्त्याच्या खोदकामात त्याची तार तुटली, की चित्राबरोबर आवाजही थांबतो. परंतु मोबाइल फोनचा आवाज आपल्या घरच्या त्या तारेवरून येत नाही. तो जवळच्या मनोऱ्याकडून येतो. म्हणून तार तुटली तरी फोन करून वर्गातील बोलणे ऐकता येते. त्यासाठी बटणांचा साधा फोनही पुरतो.

झूम या सेवेचे उदाहरण घेऊ. तिच्या निमंत्रणात पुष्कळदा दूरध्वनी क्रमांक दिलेले असतात. त्या क्रमांकावर माणूस नसतो, यंत्र असते. ते एका बाजूने दूरध्वनीला व दुसऱ्या बाजूने इंटरनेटला जोडलेले असून इकडचा आवाज तिकडे पोहोचवते.

समजा, भूमितीचा तास चालू असताना पडदा अचानक निश्चल झाला. अशा वेळी निमंत्रणातील भारतातला क्रमांक लावावा. परदेशातला लावल्यास खर्च फार येतो. यंत्र सभेचा क्रमांक विचारते. तो दाबून शेवटी # दाबावे. पुढे ते सहभागी क्रमांक विचारते; तो नसल्यास नुसते # दाबावे. मग सांकेतिक अंक मागितल्यास तो दाबून पुन्हा # दाबावे. संगणकाच्या संकेतशब्दात अक्षरे असतील, तर फोनसाठी निव्वळ आकड्यांचा निराळा संकेत निमंत्रणात दिलेला असतो. तोच येथे चालतो.

वर्गात गेल्यावर *6 दाबले, की आपला आवाज बंद होतो. पुन्हा दाबले, की सुरू होतो. *9 दाबणे म्हणजे हात वर करणे. गुरुजींच्या यादीत मात्र आपल्या नावाऐवजी फोनचा क्रमांक दिसतो. त्यामुळे अनोळखी समजून ते आपल्याला बाहेरच थांबवण्याचा संभव असतो. आत येताच आपले नाव सांगावे आणि कोणत्या क्रमांकावरून फोन करणार, हे त्यांना आधीच कळवून ठेवावे.

या वाटेने फळा दिसत नाही. गुरुजी ‘हा कोन पाहा’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही. ‘कोन अबक’ म्हणाले, तर वहीत आकृती काढता येते. तशी विनंती त्यांना अवश्य करावी.

इंटरनेट परत आल्यावर संगणक व फोन या दोहोंचा आवाज एकदम चालू ठेवला, तर आपलेच शब्द घुमून परत येतात. तेव्हा फोन आधी बंद करावा.

आणखी एक गोष्ट. पडदा बंद पडल्यावर त्यावरचे निमंत्रण कसे वाचणार? म्हणून हे सारे क्रमांक तासाच्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर उतरून ठेवावेत.