गोदामातली घट आणि वहीतला ओलावा

मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकरी गटाचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबरमध्ये सभासदांनी गटाच्या गोदामात ५०० क्विंटल सोयाबीन आणून टाकलं. पन्नास किलो भरतीची हजार पोती, दोनशे-दोनशेच्या पाच थप्प्या. भाव सुधारेल म्हणून थांबले आणि एप्रिलच्या अखेरीस माल विकायला काढला. तोल झाला तेव्हा भरले ४८१ क्विंटल १० किलो. जवळजवळ १९ क्विंटल कमी. पोती मोजली तर हजारच्या हजार. आता सभासद गोदाम सांभाळणाऱ्याकडे बघतात, तो म्हणतो ‘माल वाळला’, आणि वहीत तर एकच आकडा आहे: आवक ५०० क्विंटल. असे गट यावरून फुटतात. माल खरंच वाळलेला असू शकतो, काही पायही फुटलेले असू शकतात. वहीत ओलावा लिहिलेला नसेल तर यातलं किती कशाचं, हे कोणीच सांगू शकत नाही.

सोयाबीनचं पोतं म्हणजे दोन वस्तूंचं मिश्रण असतं: कोरडा दाणा आणि त्याच्या पोटातलं पाणी. मीटर १२ टक्के दाखवतं तेव्हा शंभर किलोत १२ किलो पाणी आणि ८८ किलो कोरडा माल असतो. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात मराठवाड्याची हवा कोरडी होत जाते, दाणा पाणी सोडतो. कोरडा माल मात्र आपोआप कुठेही जात नाही. तो गेला तर बुरशीने, उंदराने, सांडल्याने किंवा चोरीने जातो. म्हणून गोदामाचा हिशेब ठेवायचा तो कोरड्या वजनाचा.

आपल्या गटाचा आवकेचा सरासरी ओलावा १२ टक्के होता असं धरू. म्हणजे कोरडा माल ४४० क्विंटल. एप्रिलमध्ये मीटरने ९ टक्के दाखवले. आता हे ४४० क्विंटल एकूण वजनाच्या ९१ टक्के आहेत. ४४० ला ०.९१ ने भागलं की ४८३ क्विंटल ५२ किलो येतात. एवढा माल भरायला हवा होता. म्हणजे साडेसोळा क्विंटलची घट नुसत्या पाण्याची आहे.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. ओलावा १२ वरून ९ वर आला, म्हणून घट तीन टक्के, म्हणजे १५ क्विंटल, असं सरळ धरलं जातं. पण दोन्ही टक्के वेगवेगळ्या वजनावरचे आहेत. ९ टक्के हे घटलेल्या वजनाचे ९ टक्के आहेत. त्यामुळे खरी घट ३.३ टक्के निघते. ५०० क्विंटलला हा फरक दीड क्विंटलचा पडतो, आणि तेवढ्यावरून एखाद्या प्रामाणिक माणसावर आळ येऊ शकतो. सूत्र एवढंच आहे: आवकेच्या ओलाव्यातून जावकेचा ओलावा वजा करा, त्याला शंभर वजा जावकेचा ओलावा याने भागा आणि शंभरने गुणा.

आवकेच्या दिवशीचा प्रश्न तर याहून नाजूक असतो, कारण तिथे सभासद विरुद्ध सभासद असा मामला असतो. समजा, एकाने पावसात सापडलेलं सोयाबीन घाईने मळून आणलं, २० क्विंटल, ओलावा १४ टक्के. दुसऱ्याने चार उन्हं देऊन आणलं, तेही २० क्विंटल, ओलावा १० टक्के. दोघांच्या नावावर वीस-वीस क्विंटल लिहिले तर पहिल्याने १७ क्विंटल २० किलो कोरडा माल दिला आणि दुसऱ्याने १८ क्विंटल. गटाने १२ टक्के हा पायाभूत ओलावा ठरवला, तर पहिल्याचे १९ क्विंटल ५५ किलो आणि दुसऱ्याचे २० क्विंटल ४५ किलो धरायला हवेत. फरक ९० किलोंचा. साडेचार हजारांचा भाव धरला तर चार हजार रुपयांचा. ज्याने मेहनतीने वाळवलं त्याच्या खिशातून यातले निम्मे पैसे जातात, आणि पुढच्या वर्षी तोही ओला माल आणायला शिकतो.

१२ टक्के हा आकडा पायाला धरणं सोयीचं आहे, कारण हमीभाव खरेदीतली नेहमीची मर्यादा तीच. २०२४ च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. पण खरेदीत चालतं म्हणून साठवणीत चालतं असं नाही. १५ टक्क्यांचं एक क्विंटल सोयाबीन १० टक्क्यांवर आलं की साडेचौऱ्याण्णव किलोच भरतं. शिवाय एवढा ओला माल थप्पीत घातला तर आतून गरम होतो, त्याला बुरशी धरते. तेव्हा कोरडा मालही जातो, आणि ती घट कुठल्याच सूत्रात बसत नाही. असा माल आधी ताडपत्रीवर वाळवावा, पुन्हा तोलावा आणि दोन्ही तोल वहीत लिहावेत.

ओलावा मोजताना घाई नडते. पोत्याच्या तोंडचा मूठभर दाणा मीटरमध्ये टाकून आकडा लिहिला जातो. वरचा दाणा सर्वांत वाळलेला असतो. परखी पोत्यात खोल खुपसून वरचा, मधला आणि खालचा दाणा काढावा, एकत्र करावा, त्याचे तीन वेळा आकडे घ्यावेत आणि सरासरी लिहावी. मीटर सोयाबीनवरच लावलेलं आहे ना, हे बघावं. उन्हातून आलेला तापलेला दाणा थोडा निवू द्यावा, कारण तापमानाने आकडा हलतो. आवकेला आणि जावकेला एकच मीटर वापरावं. सगळ्या लॉटची सरासरी काढताना टक्क्यांची नुसती बेरीज करून भागू नये. शंभर क्विंटलवाल्याचा ओलावा आणि दहा क्विंटलवाल्याचा ओलावा सारखा धरता येत नाही. प्रत्येक लॉटचं कोरडं वजन काढावं आणि मग बेरीज करावी.

बारदानाकडे तर कोणी बघतच नाही. पन्नास किलोचं नवं ज्यूटचं पोतं ५८० ग्रॅमच्या आसपास भरतं, प्लास्टिकचं सव्वाशे ग्रॅमच्या. माल ज्यूटच्या पोत्यांतून भरतीसकट तोलून घेतला आणि जाताना निव्वळ वजन लावलं, तर हजार पोत्यांत पावणेसहा क्विंटलची तूट नुसत्या वहीतच तयार होते. दहा रिकामी पोती एकदम तोलून सरासरी काढायची आणि आवक-जावक दोन्हीकडे निव्वळ वजनच लिहायचं, एवढ्याने हे मिटतं.

आता उरलेला हिशेब बघू. ४८३ क्विंटल ५२ किलो भरायला हवे होते, भरले ४८१ क्विंटल १० किलो. २ क्विंटल ४२ किलोंचं उत्तर सूत्र देत नाही. इथे लगेच बोट दाखवायचं नाही. मीटरचा आकडा अर्ध्या टक्क्याने इकडे-तिकडे असणं नेहमीचं आहे. खरा ओलावा ९ ऐवजी साडेआठ असेल, तर भरायला हवं असलेलं वजन ४८१ क्विंटलच्याही खाली येतं आणि सगळी तूट नाहीशी होते. साडेनऊ असेल तर तूट पाच क्विंटलवर जाते. म्हणजे नुसत्या मीटरवर चोरी सिद्धही होत नाही आणि फेटाळताही येत नाही.

यावर माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे साक्षीच्या पोत्यांचा. थप्पी लावतानाच प्रत्येक थप्पीत पाच पोती निवडायची, थोडी कडेची, थोडी आतली, पण काढता येतील अशी. त्यांना रंगाची खूण करायची, शिवण सील करायची आणि वजन थप्पीच्या कार्डावर लिहायचं. दर महिन्याला दोन सभासदांसमोर ती तोलायची. ही पोती किती वाळली हे काटाच सांगतो, मीटरची गरज पडत नाही. आपल्या गटात समजा साक्षीची पोती ५० किलोवरून सरासरी ४८ किलो ३०० ग्रॅमवर आली. मग हजार पोत्यांचे ४८३ क्विंटल व्हायला हवेत. खरी तूट १ क्विंटल ९० किलो.

आता थप्पीवार बघायचं. चार थप्प्यांत पोत्याची सरासरी ४८ किलो २०० ग्रॅम आली, म्हणजे चारही मिळून ८० किलो कमी. झाडलोट तोलून ६० किलो भरली आहे, बाकीचं नमुन्यांत आणि काट्याच्या फरकात जातं. तिथे शंकेला जागा नाही. पण दाराजवळच्या पाचव्या थप्पीत सरासरी ४७ किलो ७५० ग्रॅम आहे. एकट्या त्या थप्पीत ११० किलो कमी. आता त्या थप्पीची पोती एकेक करून काट्यावर ठेवायची. दाणा वाळतो तेव्हा सगळी पोती जवळपास सारखी हलकी होतात, बाहेरची जरा जास्त. इथे मात्र १८० पोती ठीक आणि २० पोती प्रत्येकी साडेपाच किलोंनी हलकी निघाली, तर तो वाळवा नव्हे. त्या वीस पोत्यांची शिवण बघायची. सुतळी वेगळी आहे का, टाके सैल आहेत का, की तळाशी उंदराने कुरतडलं आहे आणि लेंड्या पडल्या आहेत. इथवर आलं की प्रश्न संशयाचा राहत नाही, शोधाचा होतो.

उलटी बाजूही लिहून ठेवायला हवी. हाच माल पावसाळ्यात राहिला तर दाणा हवेतलं पाणी ओढतो. ९ टक्क्यांचा ११ झाला की ४४० क्विंटल कोरड्या मालाचं वजन ४९४ क्विंटलवर जातं. कोणी काही न घालता जवळपास ११ क्विंटलची वाढ! उन्हाळ्यात घट मान्य करणारे गट ही वाढ वहीत धरतच नाहीत. मग एप्रिलमध्ये तोलून ठेवलेल्या थप्पीतून जुलै-ऑगस्टमध्ये दहा क्विंटल काढले तरी काटा पूर्वीइतकाच दाखवतो आणि कोणालाही पत्ता लागत नाही. म्हणून दर तोलाशेजारी त्या दिवशीचा ओलावा आणि कोरडं वजन लिहिलंच पाहिजे, वजन वाढलेलं असो की घटलेलं.

बऱ्याच गटांत ‘शेकडा अमुक घट माफ’ असा सरसकट नियम असतो. तो मला घातक वाटतो. कोरडा माल आलेल्या वर्षी तो गोदामपालाला मोकळं रान देतो आणि ओल्या वर्षी त्यालाच अडकवतो. पाण्याची घट सूत्राने आणि साक्षीच्या पोत्यांनी काढावी. सांडलवंड, नमुने आणि हाताळणीसाठी वेगळी सूट ठेवावी, अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि ती सभेत ठराव करून ठरवावी.

वहीसाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. लॉट क्रमांक, पोती, निव्वळ वजन, ओलाव्याचे तीन आकडे, कोरडं वजन, थप्पी क्रमांक, काट्याच्या पावतीचा क्रमांक आणि सभासदाची सही, एवढे रकाने पुरतात. चुकलेला आकडा खोडून गिरवू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही घ्यावी. पायाभूत ओलावा आणि हाताळणीची सूट यांचे ठराव मात्र आवक सुरू होण्याआधी, सप्टेंबरच्या सभेतच करून घ्या. पहिली गाडी दारात उभी राहिल्यावर ज्याचा माल ओला असतो, त्याला कुठलाच ठराव पटत नाही.