स्क्रंची चिकटली, केस मोकळेच

भाचीने वाढदिवसाचा फोटो पाठवला. खिडकीसमोर तिरकी उभी, केस मोकळे. "मामा, यात माझी लाल स्क्रंची टाक ना, अर्धे केस बांधल्यासारखी." मी स्क्रंचीचा फोटो काढून कापला आणि तिच्या केसांवर ठेवला. वहीवर स्टिकर लावल्यासारखं दिसलं!

स्क्रंचीत काही खोट नव्हती. केसांना ती आल्याचा पत्ताच नव्हता.

केस बांधले की कानशिलापासूनची बट न् बट गाठीकडे ओढली जाते. लिक्विफायच्या ब्रशने मी त्या वळवल्या, गाठीशी अरुंद केल्या. पण गाठीखाली केस लगेच सरळ पडत नाहीत, आधी फुगतात. 2012 मध्ये गोल्डस्टीन, बॉल आणि वॉरेन यांनी पोनीटेलच्या आकाराचं समीकरण मांडलं, त्यात याचं कारण आहे. प्रत्येक केसाला थोडा बाक असतो, म्हणून घट्ट धरलेले केस एकमेकांना बाहेर रेटतात. (त्याच वर्षी त्यांना गमतीचं इग नोबेलही मिळालं.)

बटा वळवताना एक घोळ झाला. डोक्यावरची चमकही त्यांच्याबरोबर ताणली गेली. केस गोल दोऱ्यासारखा, त्यामुळे चमकेचा पट्टा केसांना आडवा जातो. केसांची दिशा बदलली की तो पट्टाही जागा बदलतो. जुनी चमक पुसून नवी रंगवावी लागली.

मग स्क्रंचीवरून जाणारे चुकार केस. मूळ फोटोतून कापून आणलेल्या केसांना मागच्या तपकिरी केसांची किनार चिकटून येते आणि लालवर ती लगेच उघडी पडते. म्हणून ते नव्याने काढले. या फोटोत एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. केस जेमतेम 0.08 मिलिमीटर, म्हणजे पिक्सेलचा तिसरा हिस्सा. तेव्हा एक पिक्सेलची रेघ, गडदपणा तीस-पस्तीस टक्के. बाकी खालचा लाल दिसू द्यायचा.

स्क्रंचीच्या सावलीला मी सगळीकडे सारखाच धूसरपणा दिला होता, आणि रंगही काळा. खिडकी मीटरभर रुंद, दोन मीटरवर. अशा उजेडात वस्तू केसांपासून जेवढी दूर, त्याच्या निम्म्याने सावलीची कड पसरते. स्क्रंचीची चुणी केसांपासून चार मिलिमीटर उचललेली असेल, तर कड दोन मिलिमीटर, म्हणजे आठ पिक्सेल. जिथे कापड केसांना टेकतं, तिथे मात्र कड तीक्ष्ण आणि सावली सर्वांत गडद. सावलीचा रंग भाचीच्याच केसांतल्या खोल तपकिरीचा घेतला, मल्टिप्लायने. चुकार केसांच्याही सावल्या हौसेने काढल्या होत्या, त्या पुसल्या. मिलिमीटरभर वर तरंगणाऱ्या एवढ्या बारीक केसाची सावली या उजेडात विरूनच जाते. कडक उन्हात ती दिसली असती.

आता अडलं ते कानाशी. केस मागे ओढले तर कान दिसायला हवा आणि मूळ फोटोत तो केसांखाली झाकलेला होता. शेवटी एक जाड बट तशीच कानावर राहू दिली.