खुर्चीच्या तासाचा हिशेब

कराडमधल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या या ताईंनी लग्नाआधी ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. मुलगी शाळेत जायला लागली तशी त्यांनी मागची खोली रिकामी केली आणि एक आरसा, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची आणि वॅक्स हीटर घेऊन काम सुरू केलं. शेजारच्या बायका आयब्रोला यायला लागल्या. घरच्यांना मात्र ते पटलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं होतं, ‘शिकवण्या घे, पार्लर कशाला?’ सासूबाईंचा आक्षेप अधिक थेट होता. दुसऱ्यांचे केस कापायचं काम आपल्या घरात नको, स्वयंपाकघरात केस उडतात आणि दिवसभर परक्या बायकांचा राबता.

केस कापण्याच्या कामाला कमीपणाचं मानण्याची जी खोड आपल्या समाजात मुरली आहे, तिच्याशी वाद घालून ताईंना काही मिळालं नसतं. पण सासूबाईंचा आणखी एक प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता: ‘एवढं दिवसभर उभी राहतेस, पण महिन्याला हातात उरतं किती?’ ताईंना त्याचं उत्तर देता आलं नाही. आलेले पैसे डब्यात पडायचे, त्याच डब्यातून भाजीही यायची आणि वॅक्सचा डबाही. नात्यातल्या बायकांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असाच रिवाज होता. शेजारणींची उधारी लक्षात ठेवायची, ती निम्मी विसरली जायची.

घरगुती पार्लर बहुतेक वेळा इथेच अडकतं. दोनशेची वस्तू वापरून पाचशे घेतले म्हणजे तीनशे सुटले, असं वाटतं. ताईंनी एक वही घातली आणि पहिल्यांदा खर्चाचे दोन भाग केले. एक, गिऱ्हाईक आलं तरच होणारा: वॅक्स, पट्ट्या, कापूस, क्रीम. दुसरा, कुणी आलं नाही तरी होणारा: वीज, टॉवेल धुणं, मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार, यंत्रांची झीज. त्यात त्यांनी खोलीचं भाडंही धरलं. घर स्वतःचं असलं तरी दोन हजार रुपये दर महिन्याला घरखर्चात वेगळे द्यायचे, असं ठरवलं. हा दुसरा खर्च महिन्याला सात हजारांच्या घरात गेला.

मग खुर्ची किती तास भरलेली असते ते बघितलं. पार्लर रोज पाच तास उघडं, महिन्यात 24 दिवस, म्हणजे 120 तास. प्रत्यक्षात खुर्चीत कुणी बसलेलं असायचं त्यातले निम्मे, 60 तास. सात हजारांना साठने भागलं की तासाला साधारण 117 रुपये येतात. म्हणजे भरलेल्या प्रत्येक तासाने आधी 117 रुपये खर्चाला द्यायचे, मग उरेल ती आपली मजुरी.

आता दोन्ही हातांचं वॅक्सिंग घ्या. दर 150 रुपये, सामान 35 रुपयांचं, वेळ अर्धा तास, म्हणजे जागेचा खर्च 58. उरले 57. आयब्रोचे त्या 20 रुपये घ्यायच्या आणि त्यात दहा मिनिटं जायची. दहा मिनिटांचा खर्चच जवळजवळ 20 रुपये होता. सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं ज्या कामाला यायची, त्यात ताईंच्या हाताला काहीच पडत नव्हतं! उलट तासाभराच्या सहाशेच्या फेशियलमध्ये सामानाचे 160 आणि जागेचे 117 वजा जाऊन 323 उरत होते.

म्हणून आयब्रो बंद करायच्या का? तसं केलं असतं तर पार्लरच ओस पडलं असतं, कारण दर तीन आठवड्यांनी बाई परत येते ती आयब्रोसाठीच. ताईंनी दर 40 केला आणि आयब्रोला ठरावीक वेळ दिली, म्हणजे एकामागून एक बायका होतात आणि मोठं काम मध्येच तुटत नाही. नातेवाइकांना निम्मा दर, पण फुकट कुणाला नाही. काही बायका दुखावल्या, काही दुसरीकडे गेल्या. हे होणारच होतं, पण वहीत पुढच्या महिन्यापासून शिल्लक दिसायला लागली आणि ती सासूबाईंनी स्वतः वाचली.

पैशांचा प्रश्न असा सुटला, पण पार्लरला मान मिळाला तो वेगळ्या कारणाने. ताई दोरा दातात धरत नाहीत, त्याचं टोक मानेला अडकवतात आणि प्रत्येकीला नवा दोरा घेतात. वॅक्स लावलेली काडी पुन्हा डब्यात बुडवत नाहीत, कारण एकीच्या त्वचेवरचे जंतू त्यातून दुसरीकडे जातात. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतात. मुरमांसाठी डॉक्टरांनी गोळ्या किंवा रेटिनॉलचं मलम दिलंय का, हे चेहऱ्याचं वॅक्स करण्याआधी विचारतात. अशी त्वचा नाजूक झालेली असते आणि पट्टीबरोबर सोलून निघू शकते. अनेक पार्लरांत निळ्या दिव्याची पेटी असते. अवजारं साबणाने घासून, जंतुनाशकात बुडवून काढल्यावर ठेवायला ती ठीक आहे, पण घाण कात्री नुसती तिच्यात ठेवली तर ती निर्जंतुक होत नाही.

एकदा लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची मावशी केस काळे करून घ्यायला आली. बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. आधी अनेकदा लावून काही झालं नसलं तरी ती पुढे कधीही उद्भवू शकते. त्यामुळे कानामागे थोडा रंग लावून 48 तास बघायचं असतं. ताईंनी कानामागे रंग लावला आणि सांगितलं, ‘मावशी, उद्या रंग करता येणार नाही. मी छान अंबाडा घालून देते, पांढरे केस झाकले जातील.’ मावशी चिडल्या. सासूबाई दारातच होत्या, हातचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून त्याही कुरकुरल्या. लग्नाच्या दिवशी अंबाडा घालायला बसलेल्या मावशींच्या कानामागे लाल चट्टा उठला होता आणि खाज थांबत नव्हती. त्यानंतर ताईंच्या पार्लरची शिफारस गावात सगळ्यात जास्त कुणी केली असेल, तर या मावशींनी.

हल्ली ताईंनी बाजारपेठेजवळ गाळा घेतलाय. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. बँकेत वही आणि वेगळ्या खात्याचं पासबुक दाखवता आलं, हे कामी आलं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क झाली. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या लहान दुकानाला फक्त सूचना द्यावी लागते. नवरा आता संध्याकाळी खरेदीची बिलं लावतो, सासूबाई फोनवर वेळा देतात आणि उधारीला त्यांच्याकडून सरळ नकार मिळतो.

सध्या मुली येतात त्या केस सरळ करायचं विचारत. त्यात पैसे बरेच आहेत. पण त्यातल्या काही क्रीमांना गरम इस्त्री लागली की फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. तो डोळ्यांना, घशाला झोंबतो आणि रोज त्यात काम करणाऱ्या बाईला जास्त घातक असतो. गाळ्याला मागे खिडकी नाही. भिंत फोडून मोठा एक्झॉस्ट पंखा बसवायला मालक अजून तयार नाही, म्हणून ताईंनी दरपत्रकात ते काम लिहिलेलंच नाही.