जुना प्रोसेसर काढण्याआधी

२०१८ मध्ये रायझन ५ २६०० आणि बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड घेतलेल्यांना आज कॉम्प्युटरचा वेग वाढवायला सगळं नव्याने घ्यावं लागत नाही. २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच एएम४ सॉकेटमध्ये बसतो. पण सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालेलच असं नाही. बटण दाबल्यावर पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच राहते. बोर्डावर ‘CPU’ लिहिलेला छोटा दिवा असला, तर तोही पेटून राहतो. अशा वेळी बरेच जण नवा प्रोसेसरच खराब समजून परत करतात.

खरं कारण बोर्डावरच्या बायोसच्या चिपमध्ये असतं. प्रोसेसर कसा सुरू करायचा आणि रॅम कशी जागी करायची, याच्या सूचना तिथे असतात. २०१८ च्या बायोसमध्ये २०२२ च्या प्रोसेसरबद्दल काहीच असणार नाही. २०१८ च्या सुरुवातीला रायझन २००० मालिकेतल्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरांबाबत हेच झालं होतं. तेव्हा एएमडीने अडकलेल्या ग्राहकांना, नंतर परत करण्याच्या अटीवर, बायोस अपडेट करण्यापुरता एक जुना प्रोसेसर उसना पाठवला.

म्हणून हे काम २६०० जागेवर असतानाच उरकावं. विंडोजमध्ये `msinfo32` उघडलं की बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी असते. ५६०० समोर किमान कोणती आवृत्ती लागते ते तिथेच लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ‘टोमाहॉक’ आणि ‘टोमाहॉक मॅक्स’ हे वेगळे बोर्ड आहेत, त्यांच्या फायलीही वेगळ्या. डाउनलोडजवळची टीपही वाचावी, कारण काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती घालावी लागते. काही नव्या आवृत्त्यांनी तर चिपमध्ये जागा करण्यासाठी सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला आहे.

बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवून तो तात्पुरता थांबवा. नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकतं. FAT32 मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल टाका, Del दाबून बायोसमध्ये जा आणि तिथल्या अपडेटच्या सोयीतून ती निवडा. काम काही मिनिटांचंच, पण मध्येच वीज गेली तर बोर्ड सुरूच होणार नाही. लोडशेडिंगच्या गावात यूपीएसशिवाय हे करू नये असं मला ठामपणे वाटतं.

अपडेटनंतर जुन्याच प्रोसेसरवर मशीन सुरू करून आवृत्ती बदलल्याची खात्री करा. मगच वीज तोडून प्रोसेसर बदला. सेटिंग मूळपदावर गेलेली असतात, त्यामुळे रॅमचा वेग पुन्हा लावावा लागतो.

जुना प्रोसेसर आधीच विकून टाकला असेल, तर बोर्डाच्या मागच्या बाजूला ‘Flash BIOS’ असं बटण आहे का ते पाहा. ते असेल, तर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं. नसेल, तर दुकानदाराकडून थोड्या वेळासाठी जुना प्रोसेसर मागावा लागेल.