चार ओळींची ओळख

इन्स्टाग्रामवर कुणी नव्या खात्यावर पोहोचतं तेव्हा गोल फोटो आणि नावानंतर नजर जाते ती बायोवर. खातेदाराने स्वतःची करून दिलेली ही ओळख १५० चिन्हांत बसवावी लागते. एक्सवर ही मर्यादा १६० आहे, तर व्हॉट्सॲपच्या ‘अबाउट’मध्ये १३९. एवढ्या जागेत काय लिहावं याचा विचार बहुतेक जण करतात. पण लिहिलेलं फोनच्या पडद्यावर कसं बसेल, ओळ कुठे तुटेल, नजर कुठे थांबेल, याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष असतं. चांगला मजकूर असूनही बायो न वाचताच अंगठा पुढे सरकतो, त्याचं कारण अनेकदा इथेच असतं.

नाशिकमधला एखादा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय डोळ्यांसमोर आणू. त्याचा बायो बहुधा असा लिहिला जाईल:

आम्ही नाशिकमध्ये घरगुती पद्धतीने तयार केलेले काळा मसाला, गोडा मसाला आणि मेतकूट विकतो, संपूर्ण महाराष्ट्रात कुरियरने पाठवतो, ऑर्डरसाठी मेसेज करा

वाक्यात चूक काही नाही. मोजली तर १४३ चिन्हं भरतात, म्हणजे मर्यादेतही बसतं. छापील जाहिरातीत ते चालून गेलं असतं. फोनवर मात्र हा सलग ठोकळा होतो. ओळ कुठे तुटायची हे लिहिणारा ठरवत नाही, पडद्याची रुंदी ठरवते. एका फोनवर ‘काळा’ ओळीच्या टोकाला राहतो आणि ‘मसाला’ खाली जातो, दुसऱ्यावर ‘ऑर्डरसाठी’ आणि ‘मेसेज करा’ यांची ताटातूट होते. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांबतात. ‘नाशिकमध्ये’ किंवा ‘महाराष्ट्रात’ असा शब्द ओळीत मावला नाही की तो अख्खा खाली उतरतो आणि वर मोकळी जागा राहते. असा ठोकळा उजवीकडे दातेरी दिसतो, आणि त्या दात्यांचा अर्थाशी काही संबंध नसतो.

याहून मोठी अडचण वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘आम्ही’पासून सुरुवात झाली की वाचणाऱ्याला ‘विकतो’पर्यंत पोहोचल्याशिवाय काय चाललंय ते कळत नाही, आणि वाटेत अकरा शब्द असतात. पुस्तक वाचणारा तेवढा धीर धरतो. फोनवर चाळणारा ओळीची सुरुवात पाहतो आणि तिथे काही हाती लागलं नाही की निघून जातो. वेबपानं वाचताना लोकांची नजर वरच्या एक-दोन ओळींवर आडवी फिरते आणि मग डाव्या कडेने खाली उतरते, हे जेकब नील्सन यांनी २००६मध्येच नजरेच्या नोंदी घेऊन दाखवलं होतं. बायोच्या प्रत्येक ओळीचा पहिला शब्द म्हणूनच मोलाचा. ‘आम्ही’ या शब्दाला तिथे जागा देणं परवडत नाही.

आता तोच मजकूर पुन्हा रचू. पहिली ओळ मालाची, कारण लोक त्यासाठीच आलेले असतात. ‘काळा मसाला, गोडा मसाला, मेतकूट’ असं लिहिलं तर ३० चिन्हं होतात. ‘मसाला’ दोनदा येतो, तो एकदाच ठेवला तर ओळ २५वर येते. दुसऱ्या ओळीत गाव आणि घरगुतीपणा. ‘घरगुती पद्धतीने तयार केलेले’ या चार शब्दांचं काम ‘घरी केलेले’ हे दोन शब्द करतात आणि ऐकायलाही अधिक खरे वाटतात. तिसरी ओळ माल कुठवर पोहोचतो याची आणि चौथी गिऱ्हाइकाने पुढे काय करायचं याची.

काळा व गोडा मसाला, मेतकूट
नाशिकमध्ये घरी केलेले
राज्यभर कुरियर
ऑर्डरसाठी मेसेज करा

ओळी मोडण्यासाठी दाबलेलं एंटरही एक चिन्ह म्हणून मोजलं जातं. ते धरूनही हा बायो ८२ चिन्हांचा होतो. ६१ चिन्हं वाचली आणि मालापैकी काहीही वगळावं लागलं नाही. क्रियापदं जवळजवळ गळून गेली आहेत. फक्त शेवटी ‘करा’ उरलं, आणि ते उरायलाच हवं, कारण तिथे वाचणाऱ्याकडून कृतीची अपेक्षा आहे.

उरलेल्या चिन्हांत आणखी काही भरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण इन्स्टाग्रामवर खरी टंचाई चिन्हांची नसून ओळींची आहे. साधारण चार ओळींनंतरचा मजकूर ॲप झाकून ठेवतं आणि तिथे more असं दिसतं. त्यावर बोट ठेवण्याची तसदी फार थोडे घेतात. नेमका ‘मेसेज करा’ हा भाग त्यामागे गेला तर सगळी रचना फुकट.

मोकळ्या जागेचा प्रश्न इथेच येतो. दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ सोडली की मजकूर सुटसुटीत दिसतो, हे खरं. पण ती कोरी ओळही चारांतलीच एक असते. चार ओळींच्या बायोत ती चैन आहे. तिथे मोकळीक मिळवायची ती ओळी आखूड ठेवून. वरच्या रचनेत पहिली ओळ सर्वांत लांब आणि तिसरी सर्वांत आखूड आहे. उजवीकडे आपोआप रिकामी जागा पडते आणि डोळ्यांना विसावा मिळतो. देवनागरीला याची गरज रोमनपेक्षा जास्त असते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. दोन ओळींमधलं अंतर ॲप ठरवतं, ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. चारही ओळी काठोकाठ भरल्या तर वरचे उकार आणि खालच्या मात्रा दाटीवाटीने एकमेकांजवळ येतात.

जागा कमी म्हणून काही जण मराठी बायो रोमन लिपीत लिहितात. देवनागरीत जोडाक्षरं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी जास्त जागा खाते अशी त्यांची समजूत असते. अर्धी गोष्ट बरोबर आहे. ‘महाराष्ट्र’ वाचताना म, हा, रा, ष्ट्र अशी चारच अक्षरं दिसतात, पण यंत्राच्या हिशेबात ती दहा चिन्हं होतात. प्रत्येक काना एक आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलन्तही एक. मात्र तोच शब्द रोमनमध्ये लिहिला तर Maharashtra, म्हणजे अकरा. ‘मसाला’ पाच, masala सहा. ‘नाशिक’ पाच, Nashik सहा. ‘कोल्हापूर’सारख्या शब्दात देवनागरीला एक चिन्ह जास्त लागतं, तेवढंच. व्यंजनातला ‘अ’ देवनागरीत फुकट मिळतो, त्यामुळे हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. जागेसाठी लिपी सोडण्याचं काहीच कारण नाही.

कोऱ्या ओळी आणि मधोमध मांडणी यांसाठी लोक नाना खटपटी करतात. स्पेस एकामागून एक दाबून ओळ मधोमध आणली, तर ती लिहिणाऱ्याच्याच फोनवर मधोमध राहते. रुंदी बदलली की सरकते. दुसरी युक्ती म्हणजे न दिसणारं चिन्ह चिकटवणं. त्यासाठी बहुधा ब्रेल लिपीतलं कोरं चिन्ह वापरतात. डोळ्यांना ती रिकामी जागा दिसते, पण दृष्टिहीन व्यक्तीचा फोन मजकूर मोठ्याने वाचताना तिथे अडखळू शकतो. इमोजींचंही तेच. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला इमोजी ठेवला तर डोळसांना तो छान ठिपका वाटतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक ओळीआधी त्या चित्राचं नाव ऐकावं लागतं. वापरायचाच असेल तर एखादा, आणि तोही ओळीच्या शेवटी.

आणखी एक घोटाळा महाराष्ट्रात सर्रास होतो. व्हिजिटिंग कार्डाचा किंवा पत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून मागवला जातो आणि तोच बायोत चिकटवला जातो. तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ‘मराठी’च्या जागी ejkBh असं काहीतरी उमटतं. त्या फॉन्टमध्ये मुळात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणं हा सरळ उपाय.

वरच्या चार ओळींतही व्यवसायाचं नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता नाही, हे लक्षात आलं असेल. त्यांच्यासाठी वेगळ्या जागा आहेत. बायोच्या वर ठळक दिसणारं नाव शोधातही सापडतं, म्हणून ‘मसाले’ हा शब्द तिथे असलेला बरा. ते विचारपूर्वक ठरवावं, कारण १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. लिंकसाठीही स्वतंत्र रकाना आहे. २०२३पासून तिथे पाच लिंक देता येतात. बायोच्या मजकुरात टाइप केलेला पत्ता दाबला तरी उघडत नाही, तो फक्त ओळ अडवतो.

मजकूर लांब असतो तिथे मात्र हे गणित उलटं होतं. लिंक्डइनच्या ‘अबाउट’मध्ये २,६०० चिन्हं मावतात. तिथे दोन-तीन वाक्यांनंतर कोरी ओळ सोडली नाही, तर पडदाभर भिंत उभी राहते. लग्नाचा बायोडेटाही असाच. तो बहुधा ए-फोर कागदावर दोन रकान्यांत तयार होतो आणि पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो. कागदाची रुंदी २१० मिलिमीटर आणि फोनच्या पडद्याची साधारण ७०. पान एक तृतीयांश होतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं. स्थळ पाहणारी आत्या चष्मा लावूनही पान बोटांनी मोठं करते आणि मग डावीकडून उजवीकडे सरकवत बसते. त्याऐवजी शिक्षण, नोकरी, कुटुंब आणि अपेक्षा असे चार तुकडे मेसेज म्हणूनच लिहिले आणि मध्ये एकेक कोरी ओळ सोडली, तर अक्षर फोनवर ठरवलेल्या आकाराचंच राहतं. तिथे कोरी ओळ फुकट आहे, ती सढळ हाताने सोडावी.

बायो तयार झाला की तपासायचा तो दुसऱ्याच्या फोनवर, शक्यतो लहान पडद्याच्या. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार दोन पायऱ्या वाढवावा आणि पुन्हा पाहावं, कारण चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसं तसाच फोन वापरतात. एखाद्या ओळीतला शेवटचा शब्द एकटाच खाली पडला असेल, तर ती ओळ लांब आहे. मसाल्यांच्या बायोत हा धोका पहिल्या ओळीला आहे. ‘मेतकूट’ खाली पडलं तर पाच ओळी होतात आणि ‘मेसेज करा’ झाकलं जाऊ शकतं. अशा वेळी ‘व’ काढून ‘काळा, गोडा मसाला, मेतकूट’ केलं तरी एखाद्या चिन्हाचीच बचत होते, ती पुरत नाही. त्यापेक्षा ‘राज्यभर कुरियर’ला रजा देऊन ‘मेतकूट’ला आपली ओळ द्यावी. कुरियरची चौकशी मेसेजमध्ये होतेच.

ओळी सुट्या असण्याचा फायदा सणासुदीला जाणवतो. दिवाळीच्या तोंडावर कुरियरच्या जागी ‘दिवाळी फराळ सुरू’ एवढं टाकलं, तर १४ चिन्हांच्या ओळीऐवजी १६ चिन्हांची ओळ येते आणि बाकीच्या तिन्ही ओळी जशाच्या तशा राहतात. भाऊबीज उलटली की जुनी ओळ परत.