सहा चालींत संपलेला डाव

२००२ च्या ऑक्टोबरात हैदराबादेत बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि रुस्तम कासिमझानोव्हला अंतिम फेरीत हरवून विश्वनाथन आनंदने तो जिंकला. त्याच आनंदने चौदा वर्षांपूर्वी, १९८८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बील गावी एक डाव अवघ्या सहा चालींत सोडला होता. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि ग्रँडमास्टर झालेला होता. नुकताच पट मांडायला शिकलेल्याने सुरुवात कशी करावी, हे त्या सहा चालींवरून जितकं स्पष्ट होतं तितकं जाड पुस्तकांमधूनही होत नाही.

समोर कोलंबियाचा अलोन्सो झपाटा पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून ई४ वर आणलं, काळ्याने ई५ वर. दोघांनी राजाच्या बाजूचे घोडे काढले, एफ३ आणि एफ६ वर. पांढऱ्या घोड्याने ई५ चं प्यादं खाल्लं. काळ्याने डी६ असं प्यादं सरकवून त्याला हुसकलं, तो एफ३ वर परतला आणि काळ्या घोड्याने ई४ चं प्यादं मारलं. मग झपाटाने दुसरा घोडा सी३ वर काढून काळ्या घोड्याला आव्हान दिलं. आनंदने उंट एफ५ वर आणून आपल्या घोड्याला जोर दिला. ही चाल त्याने आधीच्या एका छापील डावात पाहिली होती आणि वरवर ती सरळही वाटते, कारण नवं मोहरं बाहेर आलं आणि घोडाही राखला गेला.

झपाटाचा वजीर ई२ वर आला आणि आनंदने डाव सोडला.

आता पट समोर घ्या आणि फक्त ई पट्टी पाहा. दोन्ही बाजूंची ई पट्टीवरची प्यादी गेली आहेत. खाली ई२ वर पांढरा वजीर, मधे ई४ वर काळा घोडा आणि वर ई८ वर काळा राजा. घोडा हलला तर राजाला थेट शह बसतो, म्हणून नियमानेच तो हलू शकत नाही. पुढच्या चालीला डी३ असं प्यादं आलं की अडकलेला घोडा जातो. उंटाचा जोर इथे कामाचा नाही, कारण घोडा मारणारं प्यादं आहे आणि प्यादं देऊन घोडा घेण्यात पांढऱ्याचा फायदाच आहे. वजीर ई७ वर आणून राजापुढे आडोसा करावा, तर पांढरा घोडा डी५ वर येऊन वजिरावर आणि सी७ च्या प्याद्यावर एकाच वेळी बसतो. वजिराला हलावं लागतं आणि ई४ चा घोडा पुन्हा अडकतो. सी३ चा घोडा तेव्हाच मारून मोकळं व्हायला हवं होतं.

नवशिक्याला ‘घोडे-उंट लवकर बाहेर काढा’ हे सांगतात. ते खरं आहे, पण अर्धं. आनंदने काढलेच होते. कमी पडली ती राजाची सोय. मधल्या पट्टीवरची प्यादी खाल्ली जाऊ लागली की आपला राजा त्याच पट्टीवर आहे का, हा प्रश्न आधी पडला पाहिजे.

पट्टी उघडते कुठे, तर मध्यावर. ई४, डी४, ई५, डी५ या चार घरांवर सुरुवातीला झुंज होते, आणि त्याचं कारण मोजून पाहता येतं. कोपऱ्यातल्या घोड्याला जायला फक्त दोन घरं असतात, मध्यावरच्या घोड्याला आठ. मोकळ्या पटावर कोपऱ्यातला उंट सात घरं पाहतो, मध्यावरचा तेरा. म्हणून पहिली चाल ई४ किंवा डी४. तिने मध्य तर व्यापला जातोच, शिवाय उंट आणि वजिराची वाटही सुटते. एच४ सारख्या काठच्या चालीने यातलं काहीच होत नाही. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं सुरुवातीलाही एकच घर सरकायचं आणि किल्लेकोटही नव्हता, त्यामुळे डाव सावकाश पेटायचा. हल्लीच्या नियमांत मध्य दोन-तीन चालींतच उघडतो. ज्यांनी घरातल्या ज्येष्ठांकडून देशी डाव शिकला, त्यांना हा वेग पहिल्यांदा अंगावर येतो.

वजीर लवकर बाहेर काढण्याचा मोह याच वेगातून येतो. ई४, ई५ नंतर दुसऱ्याच चालीला पांढरा वजीर एच५ वर येतो. घाबरून जी६ असं प्यादं सरकवलं, तर वजीर ई५ चं प्यादं खातो, शह देतो आणि कोपऱ्यातल्या हत्तीवरही नजर ठेवतो, हत्ती जातो. शांतपणे घोडा सी६ वर आणा, ई५ राखलं जातं. पांढरा उंट सी४ वर येतो, आता एफ७ वर मात होण्याचा धोका आहे. इथे घाईने एफ६ वर घोडा आणला तर ती मात बसतेच. आता मात्र जी६ बरोबर आहे. वजीर एफ३ वर सरकतो, पुन्हा एफ७ कडे डोळा ठेवून. मग घोडा एफ६ वर आणून वाट बंद करा. हिशेब पाहा: काळ्याचे दोन्ही घोडे चांगल्या घरांवर आहेत आणि पांढऱ्याच्या वजिराने दोन चाली खर्च करून स्वतःच्याच घोड्याची एफ३ ही जागा अडवली आहे.

एखादी योग्य सुरुवात खेळून पाहायची असेल, तर इटालियन पद्धतीची शांत मांडणी घ्या. पांढऱ्याच्या चाली अशा: प्यादं ई४, घोडा एफ३, उंट सी४, दुसरा घोडा सी३, मग डी३. डी३ मुळे ई४ ला आधार मिळतो आणि दुसऱ्या उंटाची वाट सुटते. सहाव्या चालीला लहान बाजूचा किल्लेकोट: राजा जी१ वर, हत्ती एफ१ वर. राजापुढची एफ, जी आणि एच पट्टीवरची प्यादी आता विनाकारण हलवायची नाहीत, कारण प्यादं मागे येत नाही आणि पडलेली फट कायम राहते. सातव्या चालीला उंट ई३ वर. आठवी एच३ ही अपवादाची चाल आहे; काळ्याचा उंट किंवा घोडा जी४ वर येऊन त्रास देणार असेल तरच ती करावी. नवव्या चालीला वजीर डी२ वर गेला की पहिल्या रांगेत दोन्ही हत्तींच्या मधे काहीच उरत नाही, राजा एका बाजूला असतो आणि हत्ती एकमेकांना दिसतात. सुरुवात पूर्ण झाल्याची हीच खूण.

अर्थात समोरचा सांगितल्याप्रमाणे खेळेलच असं नाही. म्हणून क्रम पाठ असण्यापेक्षा प्रत्येक चालीआधी त्याच्या शेवटच्या चालीने कशावर हल्ला झाला हे पाहणं जास्त गरजेचं आहे. फुकट मिळणारं मोहरं दिसलं तर विकास थांबवून ते घ्यावं. उलट एका प्याद्यासाठी तीन चाली भटकू नये, आणि राजा मधेच असेल तर मुळीच नाही.

दहावी चाल हत्तीची. ए१ चा हत्ती डी१ वर आणायचा की ई१ वर, हे मध्यातलं कुठलं प्यादं पुढे ढकलायचं आहे त्यावर ठरतं. डी४ करायचं असेल तर डी१ बरी, कारण प्यादी मारली गेली की तीच पट्टी उघडते आणि या वेळी तिच्या टोकाला आपला हत्ती असतो.