गोळी, दांडी आणि सर्व्होची दिरंगाई

गोळीचा वेग गोंगाटी मोजमापातून कसा काढायचा, हे आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण एका वाचकाने दोन असे प्रश्न पाठवलेत की ते सोडून पुढे जाववत नाही. त्यांनी ॲल्युमिनियमच्या काटकोनी पट्टीची दांडी केली आहे आणि तिच्या खाचेतून पोलादी गोळी घरंगळते. पहिला प्रश्न: ५/७ g हा गुणक वापरला तर गोळी गणितापेक्षा सावकाश का जाते? दुसरा: स्टेट फीडबॅक म्हणजे पीडीच तर आहे, मग वेगळी चर्चा कशाला?

५/७ येतो तो सपाट पृष्ठभागावरून. उतारावर गोळीला खाली ओढणारं बल mg sin α. घर्षण f तिला मागे धरतं आणि तेच तिला फिरवतं. गोळी न घसरता फिरते तेव्हा f = J·a/ρ². इथे ρ म्हणजे फिरण्याच्या अक्षापासून टेकण्याच्या बिंदूपर्यंतचं अंतर. मग

```
a = g·sin α / (1 + J/(m·ρ²)),   J = (2/5)·m·R²
```

सपाट पट्टीवर ρ = R, म्हणून ५/७. काटकोनी खाचेत मात्र गोळी तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंना टेकते. तिथे ρ = R/√2, म्हणून ρ² निम्मं होतं आणि गुणक ५/९ वर येतो. तेवढंच अंतर कापायला गोळीला जास्त फिरावं लागतं, म्हणून ती मंदावते. खात्री करायची तर दांडी ३ अंश कलवून ४० सेंटीमीटरला लागणारा वेळ मोजा. सपाट पट्टीवर सुमारे १.५ सेकंद लागतील, खाचेत १.७. लहान कोनासाठी आपलं मॉडेल r'' = ५.४५ α इतकं सुटसुटीत होतं (मीटर, सेकंद, रेडियन). दांडी फिरताना येणारं r·α'² हे पद इथे सोडून दिलं आहे. आपल्या हालचालींत ते नगण्य आहे, पण १९९२ मध्ये हाउझर, शास्त्री आणि कोकोटोविच यांनी त्याच्यावरच एक गाजलेला लेख लिहिला. त्याला स्वतंत्र हप्ता देईन.

आता दुसरा प्रश्न. α हुकूम देताक्षणी मिळतो असं धरलं, तर वाचकाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. स्थिती दोनच, r आणि v. दोन्हींना गुणक लावले की तोच पीडी. फरक पडतो तो सर्व्होच्या दिरंगाईमुळे.

एक उदाहरण करून पाहू. नैसर्गिक वारंवारता ५ रेडियन प्रति सेकंद आणि डॅम्पिंग ०.८ हवं आहे. त्यातून kp = ४.५९, kd = १.४७ येतात. गोळी १० सेंटीमीटर दूर असेल तर दांडीला २६ अंशांचा हुकूम जातो. आता सर्व्होचा कालांक ०.१ सेकंद धरा, म्हणजे तेवढ्या वेळात तो हुकमाच्या ६३ टक्के गाठतो. तिसरा ध्रुव येतो आणि समीकरण s³ + १०s² + ८०s + २५० = ० होतं. त्याचं खरं डॅम्पिंग ०.३७ च्या आसपास निघतं. गोळी मध्य ओलांडून झोके घेऊ लागते आणि माणूस उगाच kd वाढवत बसतो.

स्टेट फीडबॅकमध्ये α हीसुद्धा स्थिती मानतात: u = −(k₁r + k₂v + k₃α). आधीचे दोन ध्रुव तसेच ठेवून तिसरा −१२ वर नेला, तर k₁ = ५.५, k₂ = २.२२, k₃ = १ येतात. डॅम्पिंग पुन्हा ०.८ होतं. १० सेंटीमीटरवर हुकूम ३१.५ अंशांचा, म्हणजे किंमत फार नाही. वारंवारता २ वर समाधान मानलं, तर मात्र साधा पीडीही ०.८३ डॅम्पिंग देतो. घाई नसेल तर तोच वापरावा, असं माझं मत आहे.

कोन मोजायला सेन्सर नसेल तरी प्रोग्राममध्ये तो चालवता येतो:

```
alpha += (u - alpha) * dt / tau
```

एक खोच लक्षात ठेवा. दांडी सर्व्होवर १ अंशाने चुकीची बसली असेल, तर गोळी केंद्रावर थांबणार नाही. वरच्या ५ वारंवारतेच्या पीडीत ती सुमारे ४ मिलिमीटर सरकून थांबते. स्टेट फीडबॅकमध्ये मात्र सुमारे ६.३ मिलिमीटर, कारण चुकीचा शून्य कोन k₃ मधूनही फीडबॅकमध्ये शिरतो. म्हणून गुणक ठरवण्याआधी दांडी पाणसळीने तपासून सर्व्होचा शून्य बिंदू प्रोग्राममध्ये नोंदवून घ्या.